व्यवसायाच्या वेबसाइटचा पहिल्या वर्षाचा आणि त्यानंतरचा वार्षिक खर्च कसा काढावा

नवी वेबसाइट उभी करताना समोर येणारे बहुतेक आकडे पहिल्या वर्षाचे असतात. डोमेन, होस्टिंग आणि काही प्लगइन नव्या ग्राहकाला सवलतीत मिळतात आणि वेबसाइट बनवून देणारा आपल्या कामाचे एकरकमी दरपत्रक देतो. ही बेरीज करून आपण समाधान मानतो आणि पुढच्या वर्षी यातले बनवण्याचे शुल्क वगळले की झाले, असे धरून चालतो. या हिशोबात चूक राहते, कारण बनवण्याचे शुल्क दुसऱ्या वर्षी खरोखरच जाते, परंतु मागे उरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाबीचा दर वाढलेला असतो. म्हणून माझा आग्रह असा, की अंदाज दुसऱ्या वर्षापासून सुरू करावा. आधी वेबसाइट चालू ठेवण्याचा पूर्ण वार्षिक खर्च काढावा आणि मग त्यावरून मागे येत पहिल्या वर्षाचा आकडा लिहावा.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवले आहे. फर्निचर दुरुस्तीचा एक लहान व्यवसाय आहे. त्याला बारा पानांची वेबसाइट हवी आहे, तिच्यावर चौकशीचा फॉर्म आणि भेटीची वेळ ठरवण्याची सोय असेल, ऑनलाइन विक्री नसेल. वेबसाइट वर्डप्रेसवर, सामायिक होस्टिंगवर चालेल. दर देशागणिक आणि कंपनीगणिक बदलत असल्यामुळे येथील सर्व रकमा 'एकक' या काल्पनिक मापात दिल्या आहेत. त्या उदाहरणापुरत्या गृहीत धरल्या आहेत. त्या जागी आपल्याला मिळालेले दर घालावेत, हिशोबाची रीत तीच राहील.

पहिली पायरी: दोन रकान्यांचा तक्ता आखा

कागदावर किंवा स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक बाबीपुढे 'पहिले वर्ष' आणि 'त्यानंतरचे प्रत्येक वर्ष' असे दोन रकाने आखावेत. तिसऱ्या रकान्यात नूतनीकरणाची तारीख आणि ती सेवा कोणाच्या नावावर आहे हे लिहावे. हा तिसरा रकाना नवखी माणसे वगळतात, पण पुढे होणारे बरेचसे नुकसान त्यातल्या नोंदीच्या अभावी होते.

दर लिहिण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. दाखवलेल्या दरात कर धरला आहे की नाही, आणि देयक कोणत्या चलनात येणार आहे. देयक परकीय चलनात येत असेल तर विनिमय दराच्या चढउतारासाठी आणि बँकेच्या शुल्कासाठी थोडी वाढीव रक्कम धरावी. आपल्या उदाहरणात सर्व दर करासहित आणि एकाच चलनात आहेत असे मानू.

दुसरी पायरी: डोमेन आणि होस्टिंगचा नूतनीकरणाचा दर शोधा

नूतनीकरणाचा दर सहसा लपवलेला नसतो, परंतु तो बारीक अक्षरात असतो. खरेदीच्या पानावर किमतीखाली "Renews at" अशी ओळ दिसते. ती दिसली नाही तर वस्तू कार्टमध्ये टाकून मुदत बदलून पाहावी. एक वर्षाऐवजी दोन वर्षे निवडली की दुसऱ्या वर्षासाठी वाढणारी रक्कम हा बहुधा नूतनीकरणाचा दर असतो. डोमेनच्या बाबतीत ही युक्ती विशेष उपयोगी पडते, कारण काही नव्या डोमेन-प्रत्ययांचे पहिले वर्ष अगदी स्वस्त असते आणि नूतनीकरण मात्र कित्येक पट महाग असते. मालकाचा तपशील सार्वजनिक नोंदीत झाकून ठेवण्याची सोय फुकट आहे की तिचे वेगळे वार्षिक शुल्क आहे, हेही त्याच वेळी पाहावे. उदाहरणात डोमेन पहिल्या वर्षी ५ एकके आणि नंतर दरवर्षी १५ एकके पडते.

होस्टिंगची जाहिरात महिन्याच्या दराने होते, पण तो दर बहुधा तीन वर्षांचे पैसे एकदम भरणाऱ्यासाठी असतो. आपल्या उदाहरणात जाहिरातीतील दर महिन्याला ४ एकके आहे, म्हणजे छत्तीस महिन्यांचे १४४ एकदम. बारा महिन्यांसाठी घेतले तर महिन्याला ६, म्हणजे वर्षाचे ७२. नूतनीकरण मात्र दोन्ही बाबतींत महिन्याला ११ या दराने, म्हणजे वर्षाला १३२. तीन वर्षांचा हिशोब केला तर एकेक वर्षाने घेणाऱ्याला ७२, १३२ आणि १३२ मिळून ३३६ पडतात आणि एकदम भरणाऱ्याला १४४. फरक १९२ एककांचा, अर्थात मोठाच आहे. असे असूनही, ज्या कंपनीचा सर्व्हर आपण कधी वापरलेला नाही तिच्याकडे पहिल्याच दिवशी तीन वर्षांचे पैसे अडकवण्याचा सल्ला मी देत नाही. पैसे परत मिळण्याची मुदत संपल्यानंतर वेबसाइट मंद चालते किंवा मदत वेळेवर मिळत नाही असे कळले, तर वाचवलेले पैसे आणि वेळ दोन्ही जातात. परताव्याच्या मुदतीतच वेबसाइट उभी करून तिचा वेग आणि कंपनीची मदत पारखता येत असेल, तर दीर्घ मुदत अवश्य घ्यावी. कोणताही मार्ग घेतला तरी 'त्यानंतरचे प्रत्येक वर्ष' या रकान्यात १३२ हाच आकडा लिहावा, कारण दीर्घ मुदतीने वाढीव दर पुढे ढकलला जातो, टळत नाही.

सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज लहान व्यवसायाला सहसा पडत नाही, कारण लेट्स एन्क्रिप्टसारखी फुकट प्रमाणपत्रे पुरेशी असतात. होस्टिंग कंपनी ती आपोआप बसवते आणि आपोआप नूतनीकृत करते का, एवढे मात्र विचारून घ्यावे. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवसांवर आली असून २०२९ पर्यंत ती ४७ दिवसांवर आणण्याचे ठरले आहे. त्यामुळे हे काम हाताने करावे लागणारे स्वस्त होस्टिंग देखभालीच्या तासांमध्ये महाग पडते.

ईमेलची बाबही येथेच निकालात काढावी. होस्टिंगबरोबर फुकट मिळणाऱ्या टपालपेट्या चालतात, पण त्याच सर्व्हरवर इतर शेकडो वेबसाइट असतात आणि त्यांतील एखाद्याने नको असलेली पत्रे पाठवली तर आपली पत्रेही स्पॅममध्ये जाऊ शकतात. ज्यांच्या चौकश्या ईमेलवर चालतात त्यांनी वेगळी ईमेल सेवा धरावी. उदाहरणात दोन टपालपेट्या, प्रत्येकी महिन्याला ३ एकके, म्हणजे वर्षाला ७२ होतात.

तिसरी पायरी: प्लगइन मोजा, आणि परवाना कोणाचा ते विचारा

वर्डप्रेस फुकट आहे आणि त्याचे अनेक प्लगइनही फुकट आहेत. खर्च सुरू होतो तो सशुल्क आवृत्त्यांपासून. बहुतेक सशुल्क प्लगइनचा परवाना वार्षिक असतो आणि तो ठरावीक संख्येच्या वेबसाइटसाठी असतो. मुदत संपली तरी प्लगइन सहसा बंद पडत नाही, फक्त त्याची अद्यतने आणि मदत थांबते. त्यामुळे वेबसाइट चालू दिसते, मालकाला काहीच जाणवत नाही, आणि काही महिन्यांनी त्या प्लगइनमधील एखादी सुरक्षात्रुटी जाहीर होते तेव्हा ती बुजवणारे अद्यतन आपल्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून सशुल्क प्लगइनचे नूतनीकरण हा ऐच्छिक खर्च समजू नये. ते परवडणार नसेल तर सुरुवातीलाच फुकट पर्याय निवडावा.

उदाहरणातील व्यवसायाला तीन सशुल्क प्लगइन लागतात. फॉर्मचा प्लगइन पहिल्या वर्षी निम्म्या दरात, ५० एककांना मिळतो आणि नंतर १०० एकके पडतो. भेटीच्या वेळा ठरवणारा प्लगइन दरवर्षी ८०, आणि पाने रचण्याचा प्लगइन दरवर्षी ६० एकके. पहिल्या वर्षी १९०, नंतर दरवर्षी २४०. शोधयंत्रासाठीचे, कॅशचे आणि सुरक्षेचे प्लगइन फुकट आवृत्तीत भागतात. येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा, की बारा पानांच्या वेबसाइटला पाने रचण्याचा सशुल्क प्लगइन हवाच का. वर्डप्रेसच्या स्वतःच्या ब्लॉक संपादकाने काम होत असेल तर दरवर्षीचे ६० एकके वाचतात, शिवाय अद्यतने करताना बिघडू शकणारी एक मोठी गोष्ट कमी होते. मात्र हा निर्णय वेबसाइट बनण्यापूर्वीच घ्यावा लागतो. त्या प्लगइनमध्ये रचलेली पाने नंतर त्यातून बाहेर काढणे म्हणजे ती जवळजवळ नव्याने बनवणे होय.

परवाना कोणाचा आहे, हा याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. वेबसाइट बनवणारे अनेकदा स्वतःचा अनेक-वेबसाइटींचा परवाना आपल्या वेबसाइटवर वापरतात आणि दरपत्रकात प्लगइनचा खर्च शून्य दिसतो. संबंध चालू आहे तोवर यात वावगे काही नाही. एका व्यवसायाची वेबसाइट माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावरील चार सशुल्क प्लगइन आधीच्या विकसकाच्या परवान्यावर होते आणि काम थांबवताना त्याने ते परवाने काढून घेतले होते. अद्यतने चौदा महिने थांबलेली होती. मालकाच्या अंदाजपत्रकात प्लगइनसाठी एक एककही धरलेले नव्हते, आणि चारही परवाने एकाच आठवड्यात विकत घ्यावे लागले. थीमबरोबर 'फुकट' येणाऱ्या सशुल्क प्लगइनचेही असेच असते. त्यांना स्वतंत्र परवाना नसतो, आणि थीमचा निर्माता नवी आवृत्ती देईल तेव्हाच ते अद्ययावत होतात. अशी स्थिती ओळखण्याची खूण सोपी आहे. वर्डप्रेसच्या प्लगइन पानावर नवी आवृत्ती उपलब्ध असल्याची सूचना दिसते, पण अद्यतनाच्या दुव्याऐवजी परवाना-की टाकण्यास सांगितले जाते.

म्हणून आज कोणीही पैसे भरत असले तरी प्रत्येक सशुल्क प्लगइनचा पूर्ण नूतनीकरण दर दुसऱ्या रकान्यात लिहावा.

चौथी पायरी: देखभाल तासांत मोजा

देखभालीसाठी ढोबळ रक्कम लिहू नये. काय काम होणार ते लिहून त्याचे तास मोजावेत. लहान वर्डप्रेस वेबसाइटवर महिन्याला करायचे काम साधारण असे असते: पूर्ण बॅकअप घेणे, वेबसाइटच्या चाचणी प्रतीवर वर्डप्रेस, थीम आणि प्लगइन अद्ययावत करून पाहणे, मग तेच मूळ वेबसाइटवर करणे, आणि शेवटी चौकशीचा फॉर्म स्वतः भरून ईमेल पोहोचतो का ते पाहणे. ही शेवटची तपासणी कधीही टाळू नये. अद्यतनानंतर फॉर्म 'धन्यवाद' असे दाखवत राहतो आणि पत्र मात्र कोठेच पोहोचत नाही, असा बिघाड वारंवार होतो आणि तो ग्राहकाकडून कळेपर्यंत काही आठवडे निघून जातात. या सर्वांना महिन्याला दीड तास धरला तर वर्षाला अठरा तास होतात.

त्याशिवाय अचानक उद्भवणाऱ्या दुरुस्त्यांसाठी वर्षाला दोन प्रसंग, प्रत्येकी तीन तास, असे सहा तास मी धरतो. त्यांतील एक प्रसंग वर्डप्रेस ज्या संगणकीय भाषेवर चालते त्या पीएचपीच्या आवृत्तीमुळे येऊ शकतो. पीएचपीच्या अलीकडच्या प्रत्येक आवृत्तीला चार वर्षे आधार मिळतो, त्यांपैकी शेवटची दोन केवळ सुरक्षेसाठी. पीएचपी ८.२ चा आधार ३१ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. होस्टिंग कंपनी जुनी आवृत्ती काढून टाकते किंवा ती चालू ठेवण्यासाठी जादा शुल्क आकारू लागते, आणि न सुधारलेला एखादा प्लगइन नव्या आवृत्तीवर बंद पडतो. ही तारीख आधीच ठाऊक असते. ती तक्त्यात लिहून ठेवली तर अचानक येणारे काम नियोजित होते.

कामाचा दर तासाला २० एकके धरू. नियमित देखभालीचे अठरा तास म्हणजे ३६०, आणि दुरुस्तीचे सहा तास म्हणजे १२०. हे काम मालक स्वतः करणार असेल तरीही तास लिहावेत आणि त्यांना किंमत लावावी, कारण ते तास धंद्यातूनच जाणार आहेत. बॅकअप होस्टिंगच्या सर्व्हरबाहेर ठेवण्यासाठीच्या साठवणीचे महिन्याला २, म्हणजे वर्षाला २४ एकके वेगळी धरावीत. होस्टिंग कंपनीच्याच सर्व्हरवर असलेला बॅकअप त्या कंपनीतील खाते बंद झाले की वेबसाइटबरोबरच जातो.

महिन्याच्या ठरावीक शुल्कात देखभाल देणाऱ्याकडून एक गोष्ट लेखी घ्यावी: शुल्कात फक्त अद्यतने आहेत, की अद्यतनामुळे मोडलेले दुरुस्त करणेही त्यात येते. दोन दरपत्रकांतील मोठा फरक बहुधा या एका वाक्यात दडलेला असतो.

पाचवी पायरी: एकदाच होणारा खर्च आणि नव्या बांधणीसाठीची तरतूद

वेबसाइट बनवण्याचे चाळीस तास धरले तर ८०० एकके होतात. मजकूर लिहिणे आणि छायाचित्रे निवडणे हे मालकाचे काम असते. त्याला पंधरा तास म्हणजे ३०० एकके, आणि विकत घेतलेल्या छायाचित्रांचे ४०. मजकुराचे तास बहुतेक अंदाजांत नसतातच, आणि वेबसाइट रखडते तीही बहुतेक वेळा मजकुरासाठीच.

काही वर्षांनी वेबसाइटची मांडणी पुन्हा करावी लागते. पाचव्या वर्षाच्या अखेरीस त्यासाठी ४८० एकके लागतील असे धरले, तर दुसऱ्या वर्षापासून चार वर्षे प्रत्येकी १२० बाजूला ठेवावी लागतात.

सहावी पायरी: बेरीज करा आणि फरक वाचा

| बाब | पहिले वर्ष | नंतर दरवर्षी |
|---|---|---|
| डोमेन | ५ | १५ |
| होस्टिंग | ७२ | १३२ |
| ईमेल | ७२ | ७२ |
| सशुल्क प्लगइन | १९० | २४० |
| बॅकअपची साठवण | २४ | २४ |
| नियमित देखभाल | ३०० | ३६० |
| अचानक दुरुस्त्या | १२० | १२० |
| बनवणे, मजकूर, छायाचित्रे | ११४० | ० |
| नव्या बांधणीची तरतूद | ० | १२० |
| एकूण | १९२३ | १०८३ |

पहिल्या वर्षी देखभाल ३०० धरली आहे, कारण बांधणीचे दोन महिने वगळता दहाच महिन्यांची देखभाल लागते. आता नवखा मालक काय करतो ते पाहा. तो १९२३ मधून एकदाचे ११४० वजा करतो आणि दुसऱ्या वर्षासाठी ७८३ ठेवतो. प्रत्यक्षात १०८३ लागतात. ही ३०० एककांची तूट डोमेनचे १०, होस्टिंगचे ६०, प्लगइनचे ५०, देखभालीचे ६० आणि तरतुदीचे १२० अशी साचलेली आहे. यांतील एकही वाढ धक्कादायक नाही, आणि प्रत्येक वाढ पहिल्या दिवशी ठाऊक होण्याजोगी होती.

तक्त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. डोमेन आणि होस्टिंग मिळून वार्षिक खर्चाचा जेमतेम सातवा हिस्सा आहेत, तर देखभाल आणि दुरुस्ती मिळून ४८० आहेत. खर्च कमी करायचाच असेल तर होस्टिंगमध्ये थोडे वाचवण्यापेक्षा प्लगइनची संख्या कमी करावी, कारण एक प्लगइन कमी झाला की त्याचा परवानाही जातो आणि तो अद्ययावत करून तपासण्याचा वेळही वाचतो.

हा अंदाज ऑनलाइन विक्रीला लागू पडत नाही. तेथे प्रत्येक व्यवहारामागे टक्केवारीने शुल्क कापले जाते, सशुल्क प्लगइन वाढतात आणि प्रत्येक अद्यतनानंतर खरेदीचा पूर्ण मार्ग तपासावा लागतो. विक्रीचा विचार पुढे असेल तर तिचा तक्ता स्वतंत्र करावा.

सातवी पायरी: तारखा आणि मालकी पक्की करा

आता तिसऱ्या रकान्याकडे वळू. डोमेन व्यवसायाच्या स्वतःच्या खात्यात आणि मालकाच्या नावावर असावे, विकसकाच्या खात्यात नसावे. डोमेन-खात्याचा संपर्क ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नये. डोमेनची मुदत संपली की त्या पत्त्यावरील टपालही थांबते, आणि सूचना नेमक्या तेव्हाच पोहोचेनाशा होतात. आपोआप नूतनीकरण चालू ठेवले असले तरी त्याला जोडलेले कार्ड बदलले किंवा कालबाह्य झाले की पैसे कापले जात नाहीत. मुदत संपल्यानंतर काही काळ नेहमीच्या दराने नूतनीकरण करता येते. ही मुदत प्रत्येक नोंदणी कंपनीची वेगळी असते. त्यानंतर .com सारख्या प्रत्ययांसाठी ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ येतो. त्यात डोमेन परत मिळते, पण नेहमीच्या दराच्या कित्येक पट शुल्क भरून. तो काळही उलटला की डोमेन पाच दिवसांनी सर्वांसाठी खुले होते.

प्रत्येक नूतनीकरणाच्या सहा आठवडे आधी कॅलेंडरमध्ये सूचना लावावी. एवढ्या अवधीत नवा दर पाहून दुसरी कंपनी निवडता येते, डोमेन हलवण्यासाठी लागणारा अधिकृतता-कोड मागवता येतो, आणि प्लगइनच्या खात्यातील आपोआप नूतनीकरण पैसे कापले जाण्यापूर्वी बंद करता येते. त्याच दिवशी तक्त्यातील जुन्या दराशेजारी नवा दर लिहावा. तिसऱ्या वर्षाचा अंदाज मग याच नोंदींवरून तयार होतो.